नववीच्या इंग्रजी निबंधातली मालगाडी वाक्यं आणि तुटकी वाक्यं: वर्कशीटची मालिका करतोय, कुठे चुकतंय?

खडूफळा

सातारा जिल्ह्यातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. मुलं घरी मराठीच बोलतात. निबंध तपासताना दोनच गोष्टींनी जीव मेटाकुटीला येतो. एक म्हणजे फुलस्टॉप न देता वाक्याला वाक्य जोडत जाणं (वर्गात आम्ही त्याला मालगाडी म्हणतो), आणि दुसरी म्हणजे अर्धवट वाक्याला फुलस्टॉप देऊन मोकळं होणं. नेटवर मिळणारी वर्कशीटं अमेरिकन मुलांसाठी असतात, म्हणून स्वतःच सहा पानांची चढती मालिका करायला घेतली. प्रत्येक पानावर १५ वाक्यं. पहिली दोन पानं तुटक्या वाक्यांची, तिसरं काहीच चिन्ह नसलेल्या मालगाडीचं, चौथं नुसत्या कॉमाने जोडलेल्या वाक्यांचं, पाचवं 'हाउएव्हर, देअरफोर' वगैरेंचं आणि सहावं अख्ख्या परिच्छेदाचं.

पहिली दोन पानं वर्गात झाली. बहुतेकांना १३-१४ मार्क पडले, मी खूश. पुढच्याच आठवड्यात निबंध लिहायला दिला, तर त्यात जुन्या चुका जशाच्या तशा. वर पोरांनी आता सगळं 'अँड'ने जोडायचा सपाटा लावलाय.

नमुना देतो. मुलाची ओळख लागू नये म्हणून थोडा बदललाय. फोनवर कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा येतो, म्हणून इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहितोय, सांभाळून घ्या.

"लास्ट संडे वी वेंट टू माय अंकल्स फार्म, इट इज नियर द रिव्हर, माय कझिन वॉज ऑल्सो देअर. बिकॉज ही हॅड अ हॉलिडे. वी स्वॅम इन द रिव्हर माय आंट केम शी वॉज अँग्री. द वॉटर बीइंग व्हेरी डीप."

पानांचा क्रम चुकलाय की वर्कशीट हा प्रकारच फुकट आहे?

कोड_वाकडा

सर, एवढा खटाटोप कशाला? शाळेच्या लॅबमध्ये वर्ड असेलच. तुटक्या वाक्याखाली रेघ येते आणि क्लिक केलं की `Fragment (consider revising)` असं दिसतं. मुलांना निबंध टाइप करू द्या, मशीन शिकवेल.

खडूफळा

लॅबमध्ये बारा मशीन आहेत, त्यातली सात चालतात. आणि परीक्षा पेनाने असते.

अवांतर_आजोबा

हा रोग फक्त इंग्रजीत नाही हो. परवा एका मराठी दैनिकाच्या अग्रलेखात एक वाक्य मोजलं, ६२ शब्द! कर्ता वर, क्रियापद तळाला, मध्ये माणूस घुसमटतो. आमचे मास्तर सांगायचे की वीस शब्दांच्या वर वाक्य गेलं की समजावं रुळावरून उतरलं. मुलांना शब्द मोजायला लावा, सगळे प्रश्न सुटतील.

निंबोणी

मी क्लासेस घेते. माझे दोन नियम आहेत आणि ते चालतात. एक, 'बिकॉज'ने वाक्य कधीच सुरू करायचं नाही. दोन, मोठ्याने वाचा आणि जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथे फुलस्टॉप द्या. मुलांना फार व्याकरण सांगितलं की ती बिथरतात.

लालशाई

इंग्रजीचे पेपर तपासण्यात माझं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. खडूफळा, तुमच्या नमुन्यावर मी सावकाश येतो. त्याआधी वरच्या दोघांच्या नियमांचं बघू, कारण तेच नियम मीही दहा वर्षं शिकवले आणि मग सोडले.

लांबीचा नि चुकीचा संबंध नाही. "इट रेन्ड वी रॅन" ही चारच शब्दांची मालगाडी आहे. उलट चाळीस शब्दांचं वाक्यही एकदम निर्दोष असू शकतं. आजोबांनी मोजलेला अग्रलेख कंटाळवाणा असेल, पण ती मालगाडी, म्हणजे इंग्रजीत ज्याला रन-ऑन म्हणतात ती, नव्हे. शब्द मोजायला लावलं की मुलं लांब आणि बरोबर वाक्य कापतात नि आखूड आणि चूक वाक्य सोडून देतात.

श्वासाचा नियम तर आपल्या मुलांच्या बाबतीत उलटाच पडतो. मराठी बोलणारं मूल इंग्रजी वाचताना कर्ता संपला की थांबतं. "माय ग्रँडफादर हू लिव्ह्ज इन कराड" म्हणून श्वास घेतं आणि तिथे टिंब देतं. म्हणजे एक तुटकं वाक्य आपणच जन्माला घातलं.

'बिकॉज'ची बंदी मला जास्त घातक वाटते. "बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम" यात काहीच चूक नाही. बंदी घातली की हे वाक्य जातं आणि मूल "इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम" लिहितं. तुटकं वाक्य टाळायला गेलो आणि कॉमाची मालगाडी घेऊन आलो. तुमच्या वर्गात 'अँड' वाढले ते याच जातीचं दुखणं. सलग दोन पानं "अर्धवट वाक्य पूर्ण करा" म्हटलं, मुलांनी त्यातून "जोडा" एवढंच उचललं.

वर्डबद्दल म्हणाल तर ते तुटकं वाक्य बऱ्यापैकी पकडतं, पण कॉमाने जोडलेली दोन वाक्यं पुष्कळदा तशीच सोडतं. आणि नेमकी तीच चूक आपल्याकडे जास्त आहे.

खडूफळा

मग १३-१४ मार्क कसे पडले?

लालशाई

तुमच्या पानावर बरोबर वाक्यं किती होती?

खडूफळा

एकही नाही. शीर्षकच "तुटकी वाक्यं दुरुस्त करा" असं होतं.

लालशाई

तिथेच मेख आहे. मुलाला बघायची गरजच पडली नाही, चूक आहे हे शीर्षकानेच सांगून टाकलं. त्याने फक्त कर्ता नाहीतर क्रियापद चिकटवलं. स्वतःच्या निबंधावर असं शीर्षक नसतं. तिथे पहिलं काम असतं ते "इथे वाक्य संपलं का?" हे ओळखायचं, आणि तेच तुम्ही शिकवलेलं नाही.

१५ वाक्यांतली निदान पाच बरोबर ठेवा, आणि त्या पाचांत एक चांगलं लांबलचक असू द्या. उरलेल्या दहांत दोन्ही प्रकार मिसळा. तुटकं वेगळ्या पानावर आणि मालगाडी वेगळ्या पानावर, ही विभागणी व्याकरणाच्या पुस्तकाची आहे. लिहिताना मुलापुढे दोन्ही एकाच वेळी येतात.

प्रुफखिळा

खडूफळा सर, तुम्ही कंटाळून देवनागरीत लिहिलंत खरं, पण नकळत एक कारण दाखवून दिलंत. वरच्या परिच्छेदात कुठलं वाक्य कुठे सुरू झालं हे सांगणारं कॅपिटल अक्षर दिसेनासं झालं. इंग्रजीत हद्दीला दोन पहारेकरी असतात, टिंब आणि मोठं अक्षर. आपल्या लिपीत एकच. मी प्रुफं वाचतो, मराठी माणसाच्या इंग्रजी मजकुरात टिंबापेक्षा कॅपिटल आधी गळतं.

आणि टिंबही आपल्याकडे तसं उशिराच आलं. मोडीतली जुनी दफ्तरं बघा. ओळीवर ओळ सलग, शब्दसुद्धा वेगळे तोडलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले आणि मेजर कँडीसारख्या मंडळींनी इंग्रजी विरामचिन्हं मराठीत रुजवली. मोडीत वाक्य कुठे संपलं हे टिंब सांगत नसे, शेवटचं क्रियापद सांगे. "केले", "आहे", "जाणिजे" आलं की संपलं. मराठी कानाला अजून तीच सवय आहे. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं, मग शेवट कळायचा कसा?

लालशाई

प्रुफखिळा, क्या बात है. तुम्ही बोललातच तर मूळ गोष्ट सांगून टाकतो. खडूफळांच्या मुलाच्या वाक्यांखाली मराठी शोधा, चुका आपोआप उलगडतात.

आपण म्हणतो, "सकाळी उठून, आंघोळ करून, डबा घेऊन शाळेत गेलो." यात पूर्ण क्रियापद एकच, 'गेलो'. बाकी सगळी 'ऊन'ची रूपं त्याला लोंबकळलेली. मुलाला इंग्रजीत 'ऊन' सापडत नाही, म्हणून तो प्रत्येकाचं भूतकाळी क्रियापद करतो आणि प्रत्येकाला कर्ता देतो. "आय गॉट अप, आय टुक अ बाथ, आय टुक माय टिफिन, आय वेंट टू स्कूल." कॉमे जसेच्या तसे. मराठीत एक वाक्य होतं, इंग्रजीत चार झाली. मुलाच्या डोक्यात मात्र ते अजून एकच आहे, म्हणून टिंब द्यावं असं त्याला वाटतच नाही.

यावर "टिंब द्या" हा उपाय बरोबर आहे, पण वाचायला ठेचकाळल्यासारखं होतं. त्यापेक्षा कर्ता गाळायला शिकवा. "आय गॉट अप, टुक अ बाथ, पिक्ड अप माय टिफिन अँड वेंट टू स्कूल." कर्ता एक आणि क्रियापदं चार, म्हणून वाक्यही एकच. मुलाच्या मराठी वाक्याच्या हे सर्वांत जवळ जातं. अमेरिकन वर्कशीटांत टिंब, कॉमा आणि जोडशब्द, सेमिकोलन, किंवा एक वाक्य गौण करणं असे चार उपाय देतात. हा पाचवा तिथे सहसा यादीत नसतो आणि आपल्या मुलांना तोच सर्वांत लवकर जमतो.

मर्यादा एकच, कर्ता तोच हवा. आणि मजा अशी की हा नियम मुलांना आधीच येतो. 'ऊन' आपण बहुतेक वेळा कर्ता तोच असेल तरच वापरतो. कर्ता बदलला की आपण आपसूक 'आई आल्यावर' म्हणतो, 'आई येऊन आम्ही जेवलो' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे मुलाने मनात मराठी वाक्य म्हणायचं. 'ऊन' निघालं तर कर्ता गाळ. 'ल्यावर' निघालं तर 'व्हेन' नाहीतर 'आफ्टर' लाव. 'ताना' निघालं तर 'व्हाइल'. 'ल्यामुळे' निघालं तर 'बिकॉज'.

आता नमुन्याचं शेवटचं वाक्य बघा, "द वॉटर बीइंग व्हेरी डीप." हे सरळ 'पाणी खूप खोल असल्यामुळे' आहे. 'असल्या'चं 'बीइंग' झालं, 'मुळे' वाटेत सांडलं.

खडूफळा

हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि तपासलेले जुने निबंध काढले. 'बीइंग'वालं वाक्य अकरा वह्यांत सापडलं. इतकी वर्षं मी त्याच्यावर नुसती गोल खूण करत होतो.

एडिसनवाली

न्यू जर्सीहून लिहितेय. इकडची पोरं जन्मापासून इंग्रजी बोलतात तरी हे करतात, हे सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. कॉमन कोअर या इकडच्या शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यात तुटकी वाक्यं आणि रन-ऑन ओळखून दुरुस्त करणं चौथीच्या यादीत आहे. माझी लेक अकरावीत आहे आणि तिच्या निबंधाच्या कडेला तुटकं वाक्य, कॉमाने जोडलेली वाक्यं आणि मालगाडी यांसाठी अजून 'फ्रॅग', 'सीएस', 'आरओ' अशा खुणा येतात. कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत या प्रश्नांना 'बाउंडरीज' म्हणतात. तिथे एक वाक्य देतात, मधली जागा रिकामी असते आणि चार पर्यायांत फक्त चिन्हाचा फरक.

तिचं सगळं अडतं 'हाउएव्हर'पाशी. "इट रेन्ड, हाउएव्हर, वी प्लेड" ती बरोबर धरते. मी विचारलं का, तर म्हणे, "आई, 'बट' चालतं तर हे का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. कोणी सांगेल का?

लालशाई

तिला सांगा, शब्द उचलून दुसरीकडे ठेवून बघ. "वी, हाउएव्हर, प्लेड" होतं. "वी प्लेड, हाउएव्हर" पण होतं. "वी बट प्लेड" होत नाही. जो शब्द वाक्यात इकडेतिकडे फिरू शकतो तो दोन वाक्यांमधला सांधा नसतो, तो फक्त पाहुणा आहे. सांधा जागेवरून हलत नाही. म्हणून 'हाउएव्हर'च्या आधी टिंब किंवा सेमिकोलन हवाच. 'देअरफोर'ला हीच परीक्षा लागते. आपल्या मुलांचं आवडतं 'देन'ही फिरतं, म्हणून "वी एट, देन वी स्लेप्ट" हीसुद्धा काटेकोर हिशेबात मालगाडीच.

खडूफळा, तुमचं पाचवं पान मात्र नववीला देऊ नका. दहावीच्या दुसऱ्या सत्रात पुरे.

एडिसनवाली

थांबा, 'देन'चं मला पटत नाही. कादंबऱ्यांत असं सर्रास दिसतं.

लालशाई

दिसतं. मी तपासणीत त्याला लाल करत नसे. पण तुमच्या परीक्षेत चार पर्यायांत ते आलं तर चूक धरतील.

निंबोणी

मला जरा लागलं, पण ठीक आहे. माझा प्रश्न साधा आहे. मुलाने वाक्य पूर्ण आहे की नाही हे ओळखायचं कसं? "पूर्ण अर्थ निघतो का बघ" म्हटलं तर "बिकॉज इट वॉज रेनिंग" चा अर्थ त्याला पूर्णच वाटतो. मराठीत "का नाही आलास?" "कारण पाऊस होता." हे चालतंच की.

लालशाई

बरोबर बोललात. 'पूर्ण अर्थ' ही व्याख्या पुस्तकात छान दिसते, हातात घेतली की विरघळते. त्यापेक्षा हाताने करायच्या कसोट्या द्या.

आपल्या मुलांना क्वेश्चन टॅग येतात, बोर्डाच्या पेपरात विचारतात म्हणून घोकलेले असतात. त्यांचाच उपयोग करा. प्रत्येक टिंबापाशी थांबून टॅग लावायचा. "वी स्वॅम इन द रिव्हर", "डिडन्ट वी?" लागला, वाक्य पूर्ण. "द वॉटर बीइंग व्हेरी डीप", टॅग लागत नाही, तुटकं. "माय आंट केम शी वॉज अँग्री", इथे दोन टॅग लागतात, "डिडन्ट शी?" आणि "वॉजन्ट शी?" मग वाक्यं दोन, आणि त्यांच्यामध्ये काहीतरी हवं. एकाच कसोटीत दोन्ही चुका पकडल्या जातात, आणि 'प्रधान वाक्य, गौण वाक्य' हे शब्द उच्चारावेही लागत नाहीत.

'बिकॉज'वाल्याला टॅग लावताना मुलं फसतात. "बिकॉज इट वॉज रेनिंग, वॉजन्ट इट?" त्यांना कानाला ठीक वाटतं. त्या एका जातीसाठी दुसरी कसोटी ठेवा. वाक्यापुढे "आय डोन्ट बिलीव्ह द आयडिया दॅट" लावा. "आय डोन्ट बिलीव्ह द आयडिया दॅट बिकॉज इट वॉज रेनिंग", पुढे काय, असं लगेच वाटतं. नुसतं "आय नो दॅट" लावू नका, "आय नो दॅट बिकॉज इट वॉज रेनिंग" हे वेगळ्या अर्थाने चालून जातं आणि कसोटीच फसते. मी एकदा भर वर्गात तोंडावर पडलोय.

कोड_वाकडा

म्हणजे हे आम्हा प्रोग्रामरच्या युनिट टेस्टसारखं झालं. दोन टेस्ट पास झाल्या तरच टिंब.

प्रुफखिळा

आमच्या धंद्यातली एक युक्ती. परिच्छेद शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचायचा, एकेक वाक्य. मागचापुढचा आधार सुटतो आणि तुटकं वाक्य उघडं पडतं. मालगाडी मात्र यात सापडत नाही, ती उलट वाचली तरी मालगाडीच.

पुणेरी_पेन्सिल

एक शंका. परदेशी संशोधन तर म्हणतं की व्याकरणाच्या वर्कशीटांनी लेखन सुधारत नाही. मग हे सगळं कशासाठी?

लालशाई

२००७ चा 'रायटिंग नेक्स्ट' अहवाल म्हणत असाल तर तो अर्धाच वाचलात. चौथी ते बारावीच्या मुलांवरचे प्रयोग एकत्र करून त्यांनी हिशेब मांडला. नुसतं व्याकरण वेगळं शिकवण्याचा परिणाम उणे ०.३२ निघाला, हे खरं. पण त्याच यादीत वाक्यं जोडून लिहायच्या सरावाचा परिणाम अधिक ०.५० आहे. म्हणजे कागद वाईट नाही, कागदावर काय करायला लावता त्यावर आहे. "चूक शोधा" यावर तो संपता कामा नये.

उदाहरण देतो. मुलाला तीन सुटी, बरोबर वाक्यं द्या. "द बेल रँग. द मॅच वॉज नॉट ओव्हर. वी स्टेड ऑन द ग्राउंड." आता एकाच वाक्यात बसव. कोणी "द बेल रँग, बट द मॅच वॉज नॉट ओव्हर, सो वी स्टेड ऑन द ग्राउंड" लिहील. कोणी "ऑल्दो द बेल हॅड रंग, वी स्टेड ऑन द ग्राउंड बिकॉज द मॅच वॉज नॉट ओव्हर" लिहील. दोन्ही फळ्यावर घ्या आणि विचारा, पहिल्यात भर कशावर आहे, दुसऱ्यात कशावर? कोणीतरी 'ऑल्दो' आणि 'बट' दोन्ही घालेलच, 'जरी... तरी'च्या सवयीने. ते अडवा, पण रागावू नका, मराठीत तेच बरोबर आहे.

म्हणून मालिकेची चढण चुकीच्या नावांवर लावू नका, मुलाच्या हातून काय होतं त्यावर लावा. आधी फक्त हद्द ओळखणं, मिसळ पानावर. मग एकच चूक दोन तऱ्हांनी दुरुस्त करणं. मग जोडणं. आणि शेवटी स्वतःच्या मागच्या आठवड्याच्या निबंधातला एक परिच्छेद, टॅग लावून तिरप्या रेघांनी तोडणं. तुमची सहा पानं फेकू नका, त्यातलीच वाक्यं घेऊन नव्याने वाटा.

खडूफळा (तीन आठवड्यांनी)

हिशेब देतो. मिसळ पान काढलं, १५ पैकी सहा वाक्यं बरोबर. पहिल्या दिवशी पोरांनी बरोबर वाक्यंच जास्त फोडली. ४३ शब्दांचं एक ठेवलं होतं, वर्गातल्या बहुतेकांनी त्याचे तुकडे केले. ज्यांना आधी १३-१४ पडत होते त्यांना आता सात-आठ. पालकांचे दोन फोन आले.

टॅगची कसोटी पहिल्या तासाला कोसळली, कारण अर्धा वर्ग सगळ्यालाच "इझन्ट इट?" लावत होता. "वी स्वॅम इन द रिव्हर, इझन्ट इट?" मराठीतलं "हो ना?" जसं कशालाही लागतं तसं. दोन तास फक्त टॅग दुरुस्त करण्यात गेले. त्यानंतर कसोटी चालली. 'ऊन' आणि 'ल्यावर'चं मात्र एका तासात उमगलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सर, म्हणजे आजीच्या भाषेत आधी म्हणून बघायचं."

नदीचा परिच्छेद त्याच्या मालकाने असा केला: "लास्ट संडे वी वेंट टू माय अंकल्स फार्म. इट इज नियर द रिव्हर. माय कझिन वॉज ऑल्सो देअर बिकॉज ही हॅड अ हॉलिडे. व्हाइल वी वर स्विमिंग इन द रिव्हर, माय आंट केम. शी वॉज अँग्री बिकॉज द वॉटर वॉज व्हेरी डीप."

शेजारच्या मुलीने त्याच परिच्छेदात 'बिकॉज' पुढच्या वाक्याला जोडलं: "बिकॉज ही हॅड अ हॉलिडे, वी स्वॅम इन द रिव्हर." दोघांची जुंपली. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला विचारा. तो म्हणाला, भाऊ आला होता तो सुट्टी होती म्हणून. उत्तरसूचीत मी आता दोन्ही बरोबर धरलीत. तुटक्या वाक्याचं घर मागे आहे की पुढे, हे वर्कशीट कसं ठरवणार?

'अँड' अजून आहेत. कमी झालेत असं वाटतं, मोजलेले नाहीत.

निंबोणी

'बिकॉज'ची बंदी मी उठवली. पण परीक्षेत तपासणाऱ्याने बंदीवालं शिक्षण घेतलं असेल तर माझ्या मुलांचा मार्क जाणार, त्याचं काय?

लालशाई

जाऊ शकतो. माझ्याबरोबर टेबलावर असे तपासणीस असत. माझ्याकडे याला उत्तर नाही.

अवांतर_आजोबा

शब्द मोजण्याचं मी मागे घेतो. पण "द वॉटर बीइंग व्हेरी डीप" याला तुम्ही सगळे चूक म्हणताय ते मला मान्य नाही. आमच्या मॅट्रिकच्या वेळी "द सन हॅविंग सेट, द बॉइज वेंट होम" असं शिकवायचे, नॉमिनेटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट म्हणायचे त्याला. टिंबाच्या जागी कॉमा द्या, "द वॉटर बीइंग व्हेरी डीप, माय आंट वॉज अँग्री." झालं की बरोबर!

लालशाई

आजोबा, हात टेकले. शंभर टक्के बरोबर. चूक 'बीइंग'ची नव्हतीच, त्यापुढच्या टिंबाची होती.

खडूफळा

मग उत्तरसूचीत घालू का हे?

पुणेरी_पेन्सिल

नका घालू. आज कोण लिहितं असं? मुलगा निबंधभर 'बीइंग' पेरत सुटेल.

लालशाई

मी घालेन. मुलाच्या मराठीला ते 'बिकॉज'पेक्षा जवळ आहे आणि त्याने ते स्वतःहून जवळजवळ गाठलंच होतं. फक्त कॉमा हवा होता.

खडूफळा

चौथं पान सोमवारी द्यायचंय. तोवर दोघांनी ठरवा.